मुखवटा नको, मास्क म्हणा: विमानातल्या सेफ्टी अनाउन्समेंटचं मराठी करणाऱ्यांना खुलं पत्र

विमान कंपन्यांच्या केबिन सेफ्टी विभागातल्या साहेब-मॅडम लोकांना आणि त्यांच्यासाठी मराठी मजकूर करून देणाऱ्या सगळ्या मंडळींना,

नमस्कार.

मी मूळची जालन्याची. नऊ वर्षं केबिन क्रू म्हणून काढली, आता नोकरी सोडलीय, छत्रपती संभाजीनगरला असते आणि घरबसल्या भाषांतराची कामं करते. म्हणजे ज्या कागदाबद्दल हे लिहितेय तो मी दोन्ही बाजूंनी बघितलाय, माइक हातात धरून वाचलाय पण आणि टेबलावर बसून लिहिलाय पण.

मागच्या वर्षी माझ्या आत्याला मुंबईला नातवाकडं सोडायला गेले होते. आत्या परतूरची, वय सहासष्ट, आयुष्यात पहिल्यांदा विमान. चिकलठाण्याहून फ्लाइट, आम्ही बसलो, दार लागलं, अनाउन्समेंट सुरू झाली. आधी इंग्रजी, ते तिनं सोडूनच दिलं. मग हिंदी आली आणि त्यात आलं 'कुर्सी की पेटी बांध लीजिए'. आत्यानं एकदम माझा हात धरला आणि वर सामानाच्या कप्प्याकडं बघत म्हणली, "पेटी तर त्या पोरानं वर ठेवली की गं, आता तिला बांधायची कशानं?"

मला हसू आलं, पण नंतर घरी येऊन विचार केला तर हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. आत्या नीट ऐकत होती. तिच्या मराठीत पेटी म्हणजे लोखंडी ट्रंक, नाहीतर भजनातली पेटी. हिंदीतली पेटी म्हणजे पट्टा हे तिला कुणी सांगणार? आपण धरून चालतो की महाराष्ट्रातल्या माणसाला हिंदी कळतंच. गप्पा मारण्यापुरतं कळतं, सूचना पाळण्यापुरतं कळतंच असं नाही.

तर मराठी अनाउन्समेंट हवी, हे एवढंच सांगायला पत्र लिहिलं नसतं. खरी अडचण त्याच्यापुढची आहे. जिथं जिथं मराठी केली जाते तिथं ती अशी केली जाते की आत्याला हिंदीच बरी वाटावी.

नोकरीत असताना एकदा माझ्याकडं असा मराठी कागद आला होता. कंपनीचं नाव घेत नाही, कागद पण आता माझ्याजवळ नाही, पण ऑक्सिजन मास्कचं वाक्य डोक्यात बसलंय ते साधारण असं होतं: 'केबिनमधील हवेचा दाब कमी होण्याच्या असंभाव्य परिस्थितीत आपल्या आसनावरील कक्षातून प्राणवायूचे मुखवटे स्वयंचलितरीत्या खाली येतील, त्यातील एक मुखवटा आपल्याकडे खेचून तो नाक व तोंडावर ठेवून लवचिक पट्ट्याच्या साहाय्याने सुरक्षित करून सामान्यपणे श्वसन करावे व इतरांना साहाय्य करण्यापूर्वी आपला मुखवटा परिधान करावा.'

एक वाक्य. श्वास न घेता वाचायचं. श्वसन करावे असं सांगणाऱ्या बाईलाच श्वास पुरत नव्हता.

आता याच्यात बसून बघू काय काय बिघडलंय, कारण बाकी सगळ्या कागदांत पण हेच बिघडतं.

पहिलं म्हणजे मुखवटा. आमच्या मराठवाड्यात मुखवटा म्हणलं की महालक्ष्म्यांचे मुखवटे, वर्षभर कपड्यात गुंडाळून ठेवलेले आणि सणाला बाहेर काढून उभ्या महालक्ष्म्यांना बसवलेले. नाहीतर खंडोबाचा मुखवटा. तो नाकातोंडावर कुणी लावत नाही आणि त्यातून हवा पण येत नाही. मास्क हा शब्द मात्र कोरोनानंतर वाडीवस्तीवरच्या म्हाताऱ्याला पण माहिती झालाय. ऑक्सिजन तर २०२१ च्या उन्हाळ्यात प्रत्येक घरानं शिकलेला शब्द आहे, सिलेंडर शोधत फिरलेत लोक. तिथं प्राणवायू लिहून काय मिळवायचं? मराठीचा अभिमान मला पण आहे पण तो दाखवायची जागा ही नाही. ज्या शब्दानं हात लगेच वर जातो तो शब्द मराठीच समजा.

पण थांबा, मास्क शब्दाची स्वतःची एक गडबड आहे आणि ती शब्द बरोबर निवडला तरी उरते. कोरोनातला मास्क कानाला अडकवायचा होता. विमानातला कपासारखा गोल प्लास्टिकचा असतो, त्याला एकच इलास्टिकचा पट्टा, आणि तो डोक्याच्या मागं घ्यायचा. आणि कोरोनात निम्म्या लोकांनी मास्क कसा लावला होता ते आठवा, नाक बाहेर, तोंड झाकलेलं. विमानात नेमकं तेच होतं. २०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत साउथवेस्टच्या एका विमानाचं इंजिन हवेत फुटलं, खिडकी तुटली, मास्क खाली आले, आणि आतून काढलेला जो फोटो जगभर फिरला त्यात लोकांनी मास्क फक्त तोंडावर धरलेत, नाकं उघडी. म्हणून 'नाक व तोंडावर' असं वाक्याच्या पोटात लपवून चालत नाही. त्याला स्वतःचं वाक्य द्या: नाक आणि तोंड, दोन्ही झाका.

दुसरं, 'सामान्यपणे श्वसन करावे'. नेहमीसारखा श्वास घ्या म्हणा की. आणि त्याच्या पुढची गोष्ट त्या कागदात नव्हतीच, ती म्हणजे पिशवी. मास्कखाली एक पारदर्शक पिशवी लोंबत असते. माणूस मास्क लावतो, पिशवी फुगत नाही, त्याला वाटतं आपला मास्क बंद पडला, मग तो काढून शेजारचा ओढायला बघतो. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येतच असतो. इंग्रजीत हे बहुतेक ठिकाणी सांगतात, मराठी करताना वाक्य लांब झालं म्हणून कुणीतरी हेच कापलेलं असणार. कापायचंच होतं तर 'असंभाव्य परिस्थितीत' कापायचं. त्या शब्दानं प्रवाशाला काही करता येत नाही.

तिसरं 'खेचून'. हे वाक्यात मधेच येऊन जातं, पण सगळ्यात महत्त्वाची क्रिया हीच आहे. बऱ्याच विमानांत डोक्यावरच्या पॅनलमध्ये एक छोटं यंत्र असतं, त्यात रसायनं असतात, मास्क ओढला की दोरीनं त्याची पिन निघते आणि मग आत ऑक्सिजन तयार व्हायला लागतो. म्हणजे मास्क नुसता तरंगताना दिसला आणि तुम्ही मान वर करून त्यात तोंड घातलं तर काही येणार नाही. ओढावा लागतो. एकदा सुरू झालं की साधारण बारा मिनिटं किंवा थोडं जास्त चालतं, तेवढ्यात पायलट विमान झपाट्यानं १०,००० फुटांच्या आसपास आणतात, तिथं साधी हवा श्वासाला पुरते. ते यंत्र तापतं, जळल्यासारखा वास येऊ शकतो, आणि लोक आग लागली म्हणून ओरडतात. हा वासाचा भाग अनाउन्समेंटमध्ये नका घालू, ते क्रू तिथल्या तिथं सांगेल. पण ओढा हे ठसठशीत आलं पाहिजे.

चौथी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते: 'इतरांना साहाय्य करण्यापूर्वी आपला मुखवटा परिधान करावा.' व्याकरणानं बरोबर आहे. पण कानाला आधी काय पडतं? इतरांना साहाय्य. गोंगाटात, कान दुखत असताना, लेकरू रडत असताना बाईच्या कानावर पहिले दोनच शब्द पडले तर ती काय करेल? बरोबर उलटं. आणि वर 'आपला'. मराठीत आपला म्हणजे तुमचा, आपला म्हणजे आपल्या सगळ्यांचा, आपला म्हणजे स्वतःचा पण. आपलं लेकरू, आपला मास्क. आई असली की आपलं म्हणजे लेकराचंच आधी. म्हणून 'स्वतःचा' लिहा आणि तो शब्द पुढं आणा: आधी स्वतःचा मास्क लावा. मग दुसऱ्याला मदत करा.

आता हे एवढं ताणून का सांगते, तर ३५,००० फुटांवर केबिनची हवा एकदम गेली तर माणसाला शुद्धीत राहून काही करता येण्यासारखा वेळ साधारण पंधरा ते तीस सेकंद असतो. त्याच्यानंतर माणूस बसल्याजागी डोळे उघडे ठेवून पण काहीतरीच करत राहतो, आणि वाईट म्हणजे त्याला स्वतःला छान वाटत असतं. आईनं आधी पोराला लावायला घेतलं, पोरगं मान हलवतंय, पट्टा अडकतोय, वीस सेकंद गेले, तर दोघं पण गेले. तिनं पाच सेकंदात स्वतःचा लावला तर पोराला लावायला तिच्याकडं वेळच वेळ आहे. बऱ्याच विमानांत तीन सीटच्या वर चार मास्क असतात, मांडीवरच्या बाळासाठी एक जास्तीचा.

असं काही घडतच नाही असं कुणी म्हणू नका. २० सप्टेंबर २०१८ ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात केबिनमध्ये हवेचा दाब भरायचा स्विच चालू करायचा राहिला. १६६ प्रवासी, मास्क खाली आले, तीसेक लोकांच्या नाकाकानातून रक्त आलं, विमान परत मुंबईला आणलं. त्यात आपल्याकडचे, इंग्रजी न समजणारे कितीजण असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

म्हणून त्याच वाक्याचं मी असं केलं असतं. एका ओळीत एक काम:

हवेचा दाब कमी झाला, तर वरून ऑक्सिजन मास्क खाली येतील.
मास्क स्वतःकडे ओढा.
नाक आणि तोंड, दोन्ही झाका.
पट्टा डोक्यामागे घ्या.
नेहमीसारखा श्वास घ्या.
पिशवी फुगली नाही, तरी ऑक्सिजन येत असतो.
आधी स्वतःचा मास्क लावा. मग दुसऱ्याला मदत करा.

पहिल्या ओळीतला हवेचा दाब पण मला नको होता खरं तर, प्रवाशाला कारण कशाला, त्याला मास्क लोंबताना दिसला की पुरे. पण मूळ मजकुरात कारण असतं आणि मंजूर मजकुरातली गोष्ट भाषांतर करणाऱ्यानं आपल्या मनानं उडवायची नसते, म्हणून ठेवलं. हे पण सांगून ठेवते की यातली पिशवीची ओळ जर तुमच्या इंग्रजी मजकुरात नसेल तर ती मराठीत घालायच्या आधी तुमच्या सेफ्टी विभागाची सही लागेल. नियम बरोबरच आहे तो. भाषांतर करणारीनं शहाणपणा करायचा, पण विचारून.

शेवटच्या ओळीत मी 'लेकराला लावा' लिहिणार होते. हात शिवशिवले. पण कोकणातल्या, विदर्भातल्या माणसाला पण कळलं पाहिजे, आणि शेजारी म्हातारे सासरे पण असू शकतात, म्हणून दुसऱ्याला.

आता एक अशी गोष्ट जी ऑफिसात बसून कळत नाही, मधल्या वाटेत उभं राहिल्यावरच कळते. डेमो करताना क्रू माइकच्या आवाजावर हात हलवते. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, ओढा हा शब्द पहिला, मग काय ओढा ते, म्हणजे शब्द ऐकला की हात सुरू. मराठीत क्रियापद शेवटी. वीस-बावीस शब्दांचं वाक्य असलं की मी मास्क हातात धरून उभी, अनाउन्समेंट अजून 'आपल्या आसनावरील'लाच आहे, कधी ओढायचा कळत नाही, मग आपण इंग्रजीच्या सवयीनं ओढून मोकळं होतो आणि आवाज मागून येतो. प्रवासी हाताकडं बघतो का आवाज ऐकतो? त्याला दोन वेगळ्या गोष्टी कळतात आणि तो मोबाइल काढतो. मराठीत क्रियापद पुढं आणायची कसरत करायची गरज नाही, 'ओढा मास्क' असं कुणी म्हणत नाही, नाटकातलं वाटेल. वाक्यच चार शब्दांचं ठेवा, म्हणजे शेवट लगेच येतो आणि हात आणि शब्द एकदम पडतात. आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याला सांगा की प्रत्येक ओळीनंतर दोन सेकंद थांब. ते थांबणं स्क्रिप्टमध्ये लिहून द्या, नाहीतर स्टुडिओतला माणूस वेळ वाचवायला सगळं जोडून टाकतो.

करावे, घ्यावे, परिधान करावे हे पण सोडा. करा म्हणलं तर प्रवाशाचा अपमान होत नाही.

आता लाइफ जॅकेट. याचं नाव मी जीवरक्षक जाकीट असं पण बघितलंय, आणि त्यात एक मजा म्हणजे आमच्याकडं जाकीट म्हणजे पुढारी घालतात ते बिनबाह्यांचं, पांढऱ्या सदऱ्यावर. आकारानं खरं तर तेच जवळचं आहे, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढं पुढारी येतो. लाइफ जॅकेट हा शब्द पुराच्या बातम्यांमुळं आणि बोटिंगमुळं लोकांना माहितीय, तोच ठेवा. फक्त लक्षात घ्या की लोकांनी पाहिलेलं लाइफ जॅकेट जाड फोमचं असतं, केशरी, घातलं की झालं. विमानातलं पातळ प्लास्टिकचं, घडी करून सीटखालच्या पाकिटात ठेवलेलं, आणि ते फुगवावं लागतं, आतल्या छोट्या गॅसच्या नळकांड्यानं. म्हणजे नाव ओळखीचं पण वस्तू अनोळखी. म्हणून फुगवायचं कधी हे सगळ्यात स्पष्ट आलं पाहिजे.

त्या कागदात होतं, 'जोपर्यंत आपण विमानाबाहेर पडत नाही तोपर्यंत जाकीट फुगवू नये.' एका वाक्यात दोन नकार आणि जोपर्यंत-तोपर्यंत. हे मी घरी आईला वाचून दाखवलं आणि विचारलं कुठं फुगवायचं? ती म्हणली, "फुगवायचंच नाही म्हणायलेत ना ते?"

आतच फुगवलं तर काय होतं ते १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये दिसलंय. इथियोपियाचं अपहरण झालेलं विमान इंधन संपून कोमोरो बेटांजवळ समुद्रात पडलं, १७५ पैकी १२५ लोक गेले. पडायच्या आधीच बऱ्याच लोकांनी जॅकेट फुगवून घेतली होती. आत पाणी भरलं तशी ती जॅकेटं त्यांना वर छताला घेऊन गेली, आणि दार तर पाण्याखाली. फुगलेल्या जॅकेटनं पाण्यात बुडी मारता येत नाही, ते बनवलंच तरंगवायला आहे.

तर आधी काय करायचं ते सांगा, मग काय करायचं नाही ते, आणि दोन्ही वेगवेगळ्या वाक्यात:

लाइफ जॅकेट सीटखाली आहे.
जॅकेट गळ्यात घाला.
पट्टा कमरेभोवती घ्या. पुढे अडकवा. घट्ट करा.
दारात आल्यावर लाल हँडल ओढा. जॅकेट फुगेल.
विमानाच्या आत फुगवू नका.
फुगलं नाही, तर नळीत फुंका.

'गळ्यात घाला' वर एका एजन्सीच्या तपासनीसानं लाल खूण केली होती, म्हणे मूळ शब्द डोक्यावरून आहे. त्यांनी सुचवलं 'डोक्यावर घाला'. अहो, डोक्यावर टोपी घालतात! एका 'रून'नं सगळा फरक पडतो आणि तो 'रून' इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही. गळ्यात हार घालतात तसं हे घालायचं असतं, डोकं त्या भोकातून आपोआप जातं. हे ज्यानं जॅकेट हातात घेतलंय त्याला पाच सेकंदात कळतं.

लाल हँडलचं पण तेच. कुणी नॉब लिहितं, कुणी कळ, कुणी टोक. नॉब म्हणलं की माणूस फिरवायला जातो, कळ म्हणलं की दाबायला. ती एक लाल प्लास्टिकची पट्टी किंवा मूठ असते, दोरीला लोंबणारी, काही जॅकेटला एक, काहींना दोन. तुमच्या कंपनीच्या जॅकेटला किती आहेत ते बघून एकवचन-अनेकवचन ठरवा. हे इंग्रजी वाचून ठरत नाही.

सीटबेल्टचं एवढंच सांगते की आसनपट्टा कुणी म्हणत नाही, आणि उघडायची रीत गाडीपेक्षा वेगळी आहे. गाडीच्या सवयीनं लोक बटन शोधतात, मी रोज लँडिंगनंतर बघितलंय, माणूस बक्कलच्या कडा दाबत बसलेला. 'बक्कलचं झाकण वर उचला.' बक्कल हा शब्द आपल्याकडं शाळेच्या पट्ट्यापासून आहे, तोच वापरा. आणि पट्टा पोटावर नको, खाली मांड्यांच्या सांध्यावर, म्हणून 'कमरेच्या खाली, घट्ट'.

दाराच्या बाबतीत मात्र मला आपल्या एसटीचं कौतुक आहे. 'आपत्कालीन निर्गमन द्वार' असं विमानाच्या कागदात आलं की वाटतं कुणाची तरी मिरवणूक निघतेय. आणीबाणी म्हणलं तर आमच्या वडिलांच्या पिढीला १९७५ आठवतं. एसटीत खिडकीवर लिहिलेलं असतं 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. पिढ्यानपिढ्या लोकांनी ते वाचलंय, अक्षर जुळवायला शिकताना पोरांनी वाचलंय. विमानात तेवढं लांब पण नको, 'संकटकाळी बाहेर पडायची दारं' एकदा म्हणा आणि नंतर नुसतं दार. हां, दाराच्या वर दिव्यात एक्झिट लिहिलेलं असतं ते कानावर पण यायला हवं, म्हणून एकदा 'एक्झिट लिहिलेलं दार' असं जोडून टाका. ऐकलेला शब्द आणि दिसलेला शब्द जुळला नाही की माणूस शोधत राहतो.

आणि ओळखीचा शब्द प्रत्येक वेळी कामाला येतो असं पण नाही. दाराला फुगून उघडते ती स्लाइड. मला आनंद झाला होता की हिला तर आयता शब्द आहे, घसरगुंडी! बागेत प्रत्येक पोरगं त्याच्यावर बसलंय. मग ट्रेनिंग आठवलं. तिथं आम्हाला शिकवतात की प्रवाशाला दारात बसू द्यायचं नाही, उडी मारायला लावायची, कारण बसला की मागची रांग अडकते, आणि भरलेलं विमान अर्ध्या दारांतून ९० सेकंदांत रिकामं होतं हे दाखवल्याशिवाय त्या मॉडेलला परवानगीच मिळत नाही. घसरगुंडी म्हणलं की माणूस काय करतो? वर पोचला की दोन्ही हातानं कड धरतो आणि खाली बसतो. शब्द वस्तूला अगदी बरोबर आणि कृतीला अगदी चूक. म्हणून तिथं मी स्लाइडच ठेवलं आणि पुढं 'उडी मारा. सामान सोडा.' एवढंच.

हे सगळं मी कसं तपासलं ते पण सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की नुसती घरात बसून मतं मांडतेय. माझ्याकडं डेमोचं जुनं जॅकेट नव्हतं, मग मुलाच्या पावसाळी कोटाचं एक केलं, त्याला लाल दोरी. मास्कसाठी दह्याचा प्लास्टिकचा कप, इलास्टिक आणि खाली दुधाची पिशवी. परतूरला आत्याच्या ओसरीत सात-आठ बायका आणि दोन म्हातारे बसवले, मोबाइलवर रेकॉर्डिंग एकदाच लावलं, दुसऱ्यांदा नाही, कारण विमानात पण एकदाच वाजतं, आणि मग कप हातात देऊन म्हणलं, आता करून दाखवा. कळलं का असं विचारायचंच नाही. कळलं का विचारलं की आपल्याकडं सगळे हो म्हणतात, पाहुण्याचं मन मोडायचं नसतं.

जुन्या पद्धतीचं लांब वाक्य ऐकून पहिल्या बाईनं कप हातात घेतला आणि माझ्याकडं बघत बसली. छोट्या वाक्यांवर बहुतेकांनी ओढला, लावला. पण दोन चुका नव्या निघाल्या. एका आजोबांनी पट्टा डोक्यामागं न घेता कानाला गुंडाळला, कोरोनाची सवय, म्हणून 'पट्टा डोक्यामागे घ्या' ही ओळ माझ्या पहिल्या मसुद्यात 'पट्टा लावा' एवढीच होती ती तिथं बसून बदलली. आणि जॅकेटच्या वेळी मी आधी 'बाहेर पडताना फुगवा' लिहिलं होतं, तर एका बाईनं सीटवरून, म्हणजे ओसरीच्या कडेवरून उठताउठताच दोरी ओढली. विचारलं तर म्हणली, "निघालेच की मी बाहेर." तिचं बरोबर होतं. बाहेर पडताना म्हणजे उठल्यापासूनच सुरू होतं. म्हणून 'दारात आल्यावर'. दार ही जागा आहे, तिथं गोंधळ होत नाही.

माझी आत्या शेवटी आली. सगळं बरोबर केलं, आधी स्वतःला लावला, मग शेजारच्या पोराला. मग मास्क काढून म्हणली, "पण बाई, ते वरून पडल्यावर मला आठवंल का?" मी म्हणलं आठवेल, चार शब्द आहेत. तिनं बोटावर मोजले, ओढा, झाका, पट्टा, श्वास. मग म्हणली पाचवं पण आहे, आधी स्वतः.

तुमच्याकडं माझी मागणी मोठी नाही. मराठी करायला जो कोणी घ्याल त्याला फक्त इंग्रजी फाइल मेल करू नका. त्यासोबत तुमच्या विमानात आहे तोच मास्क, तेच डेमो जॅकेट आणि एक सीटबेल्ट पाठवा, काम झालं की परत घ्या. आणि मसुदा पास करायच्या आधी ज्यांनी विमान बघितलेलं नाही अशा दहा माणसांकडून करून बघा, मुंबईच्या ऑफिसातले दहा नकोत. माणसं मिळत नसतील तर परतूरची ओसरी रिकामीच असते, दुपारी तीननंतर, आणि कुरिअर तिथपर्यंत येतं.

तुमची,
जालन्याची एक माजी केबिन क्रू